क्रेऑनला उशीर का झाला?

एका महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने बोलायला विषय दिला होता: जुन्या शोकांतिकेतला चुकलेला राजा आजही आपल्या काळातला का वाटतो? त्या छोट्या भाषणाचं हे थोडं विस्तारलेलं रूप. असा विषय निघाला की पहिलं नाव ईडिपसचं येतं, नाहीतर लिअरचं. लिअर तर ‘नटसम्राट’मुळे मराठी प्रेक्षकाला जवळचा झालेला आहे. मी मात्र क्रेऑनला निवडलं, सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’मधल्या राजाला. हे नाटक त्याच्या भाचीच्या नावाने ओळखलं जातं आणि वाचकाचा जीवही तिच्यातच गुंततो. पण मूळ संहितेच्या 1353 ओळींपैकी चारशेहून अधिक ओळी शिल्लक असतानाच अँटिगनी रंगमंचावरून कायमची जाते. पुढे जे कोसळतं ते क्रेऑनचं आयुष्य. निर्णय घेतो तो, बदलतो तो, आणि शेवटी जिवंत उरतो तोही तोच.

गोष्ट थोडक्यात सांगते. थीब्जचा राजा ईडिपस गेल्यावर त्याच्या दोन मुलांमध्ये गादीवरून वैर पेटलं. इटिओक्लीस गादीवर बसला आणि पॉलिनायसीस परक्या आर्गोसचं सैन्य घेऊन आपल्याच शहरावर चालून आला. वेशीपाशी दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. शत्रू रातोरात पळाला. सकाळ झाली तेव्हा सर्वांत जवळचा आप्त म्हणून राज्य आलं ते त्यांच्या मामाकडे, क्रेऑनकडे. त्याने पहिलाच हुकूम काढला: इटिओक्लीसचा अंत्यविधी इतमामाने व्हावा, पॉलिनायसीसचं प्रेत मात्र कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर पडू द्यावं. जो त्याला माती देईल त्याला भर चौकात दगडांनी ठेचून मारलं जाईल. मेलेल्यांची बहीण अँटिगनी हा हुकूम मोडते. तिचं लग्न ठरलेलं आहे ते मामाच्या मुलाशी, म्हणजे क्रेऑनच्याच हीमॉनशी.

हुकूम ऐकताक्षणी आपण क्रेऑनला दुष्ट ठरवून मोकळे होतो. इसवी सनापूर्वी 441 च्या सुमारास अथेन्सच्या उघड्या नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकाला ते इतकं सोपं नव्हतं. देशद्रोह्याला आपल्या भूमीत पुरू द्यायचं नाही असा अथेन्सचाही कायदा होता. अशा माणसाचं प्रेत हद्दीबाहेर टाकत, मग तिथे त्याच्या माणसांनी काय ते करावं. क्रेऑन त्या रिवाजाच्या एक पाऊल पुढे जातो. प्रेत हद्दीबाहेर पाठवायचं सोडून तो ते गावाच्या डोळ्यांसमोर सडवत ठेवतो आणि त्यावर पहारा बसवतो. म्हणजे त्याची सुरुवात ओळखीच्या, सर्वमान्य तत्त्वापासून होते, आणि चूक त्या तत्त्वाच्या टोकाला जाऊन होते.

त्याचं पहिलं भाषण तर लक्ष देऊन वाचावं असं आहे. शहरातल्या ज्येष्ठांना बोलावून तो सांगतो की माणसाची खरी पारख त्याच्या हाती सत्ता आल्यावरच होते. जो राज्यकर्ता उत्तम सल्ला घेत नाही आणि भीतीपोटी तोंड बंद ठेवतो तो सर्वांत नालायक, आणि जो मित्राला देशापेक्षा मोठा मानतो त्याची किंमत शून्य. यात चुकीचं काय आहे? यादवीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शहराला अगदी असंच काहीतरी ऐकायचं असतं.

हे भाषण अथेन्सच्या लोकांनी कसं ऐकलं याचा एक पक्का पुरावा आपल्याकडे आहे. नाटकानंतर सुमारे शंभर वर्षांनी, इसवी सनापूर्वी 343 मध्ये, वक्ता डेमॉस्थेनीसने आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस याच्यावर न्यायसभेत खटला चालवला. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाकडे वकिलातीवर गेला असता त्याने देशाशी बेइमानी केली, असा आरोप होता. एस्किनीस पूर्वी नट होता आणि क्रेऑनची भूमिका त्याने अनेकदा केली होती. डेमॉस्थेनीसने कारकुनाला क्रेऑनच्या त्या भाषणातल्या ओळी वाचायला लावल्या आणि न्यायाधीशांना सांगितलं की या माणसाने हे शब्द वारंवार रंगमंचावर म्हटले, पण देशाचं काम करताना तो ते विसरला. म्हणजे भर न्यायसभेत क्रेऑनचं भाषण जुलमी राजाची बडबड म्हणून वाचलं गेलं नाही, राजकारणी माणसाला लावायची कसोटी म्हणून वाचलं गेलं. सोफोक्लीसलाही राज्यकारभार आतून ठाऊक होता. अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या शहरांकडून येणाऱ्या निधीचा तो एका वर्षी खजिनदार होता, आणि सामोस बेटाविरुद्धच्या युद्धात पेरिक्लीसबरोबर सेनापतीही होता. कारभार करणाऱ्याची अडचण काय असते हे कळणाऱ्या माणसाने हा राजा लिहिला आहे.

म्हणून जे दिग्दर्शक पहिल्याच प्रवेशात क्रेऑनला लष्करी बूट घालून, ओरडायला लावून हुकूमशहा करून टाकतात, ते नाटकातला मोठा भाग वाया घालवतात असं मला मनापासून वाटतं. तसं केलं की प्रेक्षक सुटतो. हा माणूस आपण नव्हे, असं म्हणून तो निवांत बसतो. पहिलं भाषण सरळ, पटेल असं म्हटलं गेलं पाहिजे. ऐकणाऱ्याने मान डोलावली पाहिजे. तरच पुढच्या एकेका प्रवेशात काय बिघडतं ते दिसायला लागतं.

आणि बिघडतं ते अगदी लगेच. भाषण संपतं न संपतं तोच एक पहारेकरी येतो. वाईट बातमी सांगायला यायची म्हणून वाटेत दहा ठिकाणी थांबत, परत फिरावं का असा विचार करत आलेला हा साधा माणूस आहे. कोणीतरी प्रेतावर कोरडी माती टाकून विधी करून गेलं आहे, पण जमिनीवर कुदळीची खूण नाही, गाडीच्या चाकाचा माग नाही, जनावर येऊन गेल्याचंही दिसत नाही, असं तो सांगतो. सगळ्या पहारेकऱ्यांनी एकमेकांवर आळ घेतला आणि शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात बातमी न्यायचं काम याच्या नशिबी आलं. तिथे असलेल्या ज्येष्ठांपैकी एक जण हळूच म्हणतो की हे देवांचं काम तर नसेल? क्रेऑन त्याच्यावर भडकतो आणि म्हातारपणी अक्कल गेली असं दाखवू नका, असं बजावतो. मग तो स्वतःचा निष्कर्ष सांगतो: शहरात काही लोक पहिल्यापासून माझ्याविरुद्ध कुरकुरत आहेत, त्यांनी पैसे चारून पहारेकऱ्यांकडून हे करवून घेतलं. त्यावर तो पैसा माणसाला कसा नासवतो याचं एक लहानसं प्रवचनच देतो आणि गुन्हेगार सापडला नाही तर जिवंत टांगीन अशी धमकी त्या पहारेकऱ्याला देतो.

या प्रवेशापाशी थोडं थांबू या, कारण माझ्या मते क्रेऑनचा दोष इथेच उघडा पडतो. पैशाचा कुठेही पुरावा नाही. पहारेकऱ्याने जे पाहिलं ते नीट, बारकाव्यांसकट सांगितलं आहे. राजाने विचारायला हवं होतं की माती कोणत्या वेळी पडली, पहारा कोणाचा होता, त्या प्रेतासाठी जीव धोक्यात घालेल असं कोण आहे. तो हे काही विचारत नाही. बातमी काय आहे याकडून त्याचं लक्ष बातमी कोण आणतंय आणि त्यात त्याचा काय फायदा, याकडे वळतं. हे एकदा वळलेलं लक्ष पुढे जवळजवळ शेवटपर्यंत परत फिरत नाही. उत्तम सल्ला न घेणारा राज्यकर्ता नालायक, हे त्यानेच काही मिनिटांपूर्वी सांगितलेलं असतं. ज्येष्ठाने सल्ल्यासारखं काही म्हटलं की तो म्हातारचळ ठरतो. पहारेकऱ्याने खरं सांगितलं की तो लाचखाऊ ठरतो. जो न्याय करायला बसलाय त्यानेच चुकीचा तर्क करावा हे भयंकर आहे, असं तो पहारेकरी जाता जाता तोंडावर म्हणतो. अख्ख्या नाटकात राजाच्या चुकीचं पहिलं अचूक निदान करणारा माणूस हाच, सर्वांत खालच्या पायरीवरचा.

पुढे अँटिगनी पकडली जाते आणि मी केलं असं ठामपणे सांगते. तिचा आणि क्रेऑनचा वाद अनेकांनी अनेक अंगांनी मांडला आहे. हेगेलने त्यात दोन खऱ्या हक्कांची टक्कर पाहिली, कुटुंबाचा हक्क एका बाजूला आणि राज्याचा दुसऱ्या बाजूला. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा, बापलेकांचा प्रवेश.

हीमॉन येतो तो भांडायला येत नाही. आपण तुमचेच आहोत, तुमच्या मार्गदर्शनापेक्षा कोणतंही लग्न मला मोठं नाही, अशी तो सुरुवात करतो. मग तो राजाला एक माहिती देतो, जी राजापर्यंत दुसरं कोणी पोचवणार नाही. तुमच्या नजरेच्या धाकाने सामान्य माणूस तुमच्यासमोर बोलत नाही, पण अंधारात गाव या मुलीसाठी हळहळतंय, तिने केलं ते सन्मानाच्या लायकीचं आहे असं म्हणतंय. पुराच्या पाण्यात वाकणारं झाड वाचतं आणि ताठ उभं राहणारं मुळासकट जातं, शिडाचा दोर कधीच सैल न सोडणारा नावाडी नाव उलटी करून घेतो, असं तो समजावतो. ज्येष्ठ म्हणतात की दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, दोघांनी एकमेकांचं ऐकावं.

यावर क्रेऑनची उत्तरं क्रमाने पाहा. या वयात आम्ही या पोराकडून शिकायचं का? मी राज्य कसं करावं हे गावाने सांगायचं का? राज्य हे राज्यकर्त्याचंच नसतं का? आणि मग, हा बायकोच्या बाजूने बोलणारा, बाईचा गुलाम. हीमॉनने सांगितलेली माहिती खरी की खोटी, एवढा एकच प्रश्न तो विचारत नाही. गाव खरंच कुरकुरतंय का, हे दोन माणसं पाठवून तासाभरात कळलं असतं. तुम्ही ओसाड वाळवंटावर एकटे उत्तम राज्य कराल, असं मुलगा म्हणतो, आणि शेवटी संवाद तुटतो.

आपल्याकडचा धृतराष्ट्र याच्या नेमका उलट आहे. तो विदुराचं सगळं ऐकतो, पटलं असंही म्हणतो, आणि तरी करत काहीच नाही. क्रेऑन करून दाखवणारा राजा आहे, त्याच्यात निर्णयशक्ती भरपूर आहे. आणि तो अगदीच हटवादीही नाही, हे फार वेळा नजरेतून सुटतं. हीमॉन रागाने निघून गेल्यावर ज्येष्ठ विचारतात, दोघी बहिणींना मारणार का? त्याने धाकट्या इस्मेनीलाही पुराव्याशिवाय पकडून ठेवलेलं असतं. क्रेऑन क्षणात म्हणतो की तिने हात लावला नाही, तिला सोडतो, तुम्ही बरोबर बोललात. अँटिगनीची शिक्षाही तो तिथेच बदलतो. भर चौकातली दगडांची शिक्षा रद्द होते आणि तिला दूरच्या कातळातल्या गुहेत जिवंत कोंडायचं ठरतं, सोबत थोडं अन्न ठेवून. अन्न एवढ्यासाठी की शहराला हत्येचं पातक लागू नये.

हा बदल मला नाटकातली सर्वांत आधुनिक गोष्ट वाटते. दगडांच्या शिक्षेला गावातले हात लागले असते, आणि जे गाव आतून मुलीच्या बाजूचं आहे त्याने कदाचित दगड उचललेच नसते. गुहेच्या शिक्षेत कोणालाच मारावं लागत नाही. मुलगी आपोआप मरेल, कधी मेली ते कोणाला दिसणार नाही, आणि अन्न दिलं होतं अशी नोंद राहील. विरोध झाल्यावर क्रेऑनने निर्णय सोडला नाही, निर्णयाची रीत बदलली, आणि बहुधा आपण नमतं घेतलं असंच त्याला स्वतःला वाटलं असेल. माणसाला संपवून हात स्वच्छ ठेवणारी ही पद्धत ओळखायला आपल्याला ग्रीक यावं लागत नाही.

मग आंधळा द्रष्टा टायरेसियस एका मुलाचा हात धरून येतो. कुत्री आणि पक्षी त्या प्रेताचे लचके आणून टाकतात, वेद्या विटाळल्या आहेत, आहुती पेटत नाही, असं तो सांगतो. चूक सगळ्यांच्याच हातून होते, ती सुधारणारा मूर्ख नसतो, असंही म्हणतो. क्रेऑनचं उत्तर तेच पहारेकऱ्याला दिलेलं: द्रष्ट्यांची जात पैशाची लोभी. म्हणजे मुलापासून ज्योतिषापर्यंत चार जण चार पायऱ्यांवरून एकच गोष्ट सांगायला आले, आणि चौघांच्याही हेतूवर शिक्का मारून त्यांना परत पाठवलं गेलं. टायरेसियस जाताना भाकीत करतो की एका प्रेताची भरपाई तुझ्या पोटच्या प्रेताने होईल. तो निघून गेल्यावर क्रेऑन हादरतो. या म्हाताऱ्याचं भाकीत शहराच्या बाबतीत कधी खोटं ठरलेलं नाही, हे ज्येष्ठ सांगतात आणि त्यालाही ठाऊक असतं. आता मी काय करू, सांगा, ऐकेन, असं तो पहिल्यांदाच म्हणतो.

ज्येष्ठांचं उत्तर अगदी नेमकं आहे आणि त्याला क्रम आहे: जा, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग त्या उघड्या प्रेताला थडगं दे. आणि लवकर कर. क्रेऑन लगेच माणसांना कुऱ्हाडी घेऊन निघायला सांगतो. मी तिला बांधलं, मीच सोडवीन, असंही म्हणतो.

पुढचं दूताच्या तोंडून कळतं. राजाबरोबर गेलेला हा दूत सांगतो की आम्ही आधी माळाच्या टोकाला गेलो, जिथे पॉलिनायसीसचं कुत्र्यांनी फाडलेलं शरीर पडलं होतं. देवांची प्रार्थना केली, प्रेताला स्नान घातलं, ताज्या फांद्या तोडून उरलेसुरले अवशेष जाळले, मायभूमीच्या मातीचा उंच ढीग रचला. एवढं सगळं झाल्यावर मग गुहेकडे निघालो. वाटेतच आतून रडण्याचा आवाज आला आणि क्रेऑनने आवाज ओळखला, तो त्याच्या मुलाचा होता. आत अँटिगनीने वस्त्राचा फास करून गळफास घेतला होता आणि हीमॉन तिला कवटाळून होता. बाप पुढे झाला तेव्हा मुलगा त्याच्या तोंडावर थुंकला, तलवार उपसून धावला, वार चुकला, आणि मग तीच तलवार त्याने स्वतःच्या कुशीत खुपसली. या चुकलेल्या वाराची दखल ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात घेतली आहे, तीही नापसंतीने. जाणूनबुजून हात उचलायचा आणि कृती पुरी करायची नाही, ही कथानकाची सर्वांत कमकुवत रीत, असं त्याचं मत. त्या ग्रंथाचा विंदा करंदीकरांनी केलेला मराठी अनुवाद आहे, तो या नाटकाशेजारी ठेवून वाचावा. मला मात्र इथे ॲरिस्टॉटल पटत नाही. तो वार लागला असता तर क्रेऑनला काही कळायलाच उरलं नसतं.

क्रेऑनने क्रम का उलटला? नाटकात याचं कारण दिलेलं नाही आणि अभ्यासकांनी त्यावर बरंच लिहिलं आहे. कोणी म्हणतात की टायरेसियसची तक्रार प्रेताच्या विटाळाबद्दल होती, म्हणून राजा आधी तिकडे धावला. कोणी म्हणतात की नाटककाराला शेवट गुहेत हवा होता, म्हणून ही सोय. मला वाटतं, क्रेऑनला सार्वजनिक चूक दुरुस्त करता येत होती. प्रेताला माती देणं हा राजाने राजा म्हणून करायचा विधी होता, त्यात त्याची प्रतिष्ठा शाबूत राहत होती. गुहेचा दगड हलवून त्या मुलीच्या समोर उभं राहणं म्हणजे तू बरोबर होतीस असं तिला तोंडाने सांगणं. जे सोपं होतं ते त्याने आधी केलं, आणि ज्यात जीव अडकला होता ते मागे ठेवलं. मेलेला माणूस आणखी थोडा वेळ थांबू शकला असता.

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांनी हे नाटक केलं तेव्हा क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेलांनी केली होती. त्यांनी आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं आहे. सत्ता हाती आल्याशिवाय माणसाची पारख होत नाही, हे क्रेऑनचं सुरुवातीचं म्हणणं त्यांना शहाणपणाचं वाटलं. पुढे मात्र तो अँटिगनीचं ऐकायला नकार देतो, स्वतःपलीकडे कोणाचं ऐकत नाही, आणि नेत्याला दया हवी ती त्याच्याकडे नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे. त्यांची सहानुभूती अँटिगनीकडे होती. तरीही ज्याच्यावर पुढे देश चालवण्याची वेळ यायची होती त्या कैद्याने राजाचे शब्द आतून म्हणून पाहिले, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या मंडळात या नाटकाचं वाचन कराल तेव्हा क्रेऑन अशाच कोणाला तरी द्या, ज्याला त्याचं पहिलं भाषण खरोखर पटतं.

शेवटच्या प्रवेशात क्रेऑन मुलाचं प्रेत घेऊन राजवाड्यापाशी येतो. दोष माझाच, माझ्याच निर्णयांचा, असं तो मोठ्याने म्हणत असतो. तुला योग्य काय ते फार उशिरा दिसलं, असं ज्येष्ठ त्याला सांगतात आणि तो ते मान्य करतो. तेवढ्यात वाड्यातून दुसरा दूत येतो: हीमॉनची आई, राणी युरिडिसी, हिनेही वेदीपाशी प्राण दिला आहे. सकाळी जो राजा वाईट बातमी आणणाऱ्याला तुला पैसे कोणी दिले असं विचारत होता, तो आता या दूताच्या हेतूबद्दल काही विचारत नाही. ती कशी गेली, एवढंच विचारतो, आणि दूत सांगेल ते ऐकून घेतो. मरताना तिने तुम्हालाच शाप दिले, असं दूत सांगतो. तेही तो ऐकून घेतो.